‘हे तर त्यांचं कामच आहे’ या शंकेला पुरून उरणारं नामांकन

प्रश्न: आमच्या अकाउंट्समधल्या एका सहकारी बाईंचं नाव मला कंपनीच्या अंतर्गत उत्कृष्टता पुरस्कारासाठी द्यायचं आहे. त्या व्हेंडरची बिलं बघतात. दाखवण्यासारखं मोठं प्रोजेक्ट वगैरे काही नाही, त्यांच्यामुळे गोष्टी बिघडत नाहीत एवढंच. फॉर्मवर 400 शब्दांची मर्यादा आहे. मी लिहिलेला मसुदा निरोपसमारंभाच्या भाषणासारखा झालाय. समितीला पटेल असं कसं लिहू?

उत्तर:

निवड समितीत बसून अशी नामांकनं मी बरीच वर्षं वाचली आहेत आणि माझ्या विभागातल्या लोकांसाठी लिहिलीही आहेत. तुमची अडचण नेहमीची आहे. बिघाड होऊ न देणाऱ्या माणसाचं काम कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, आणि अशा कामाबद्दल लिहायला बसलं की पेन आपोआप स्वभावाकडे वळतं. मेहनती, प्रामाणिक, हसतमुख. समितीला हे खोटं वाटत नाही, पण त्याला गुण कसे द्यायचे ते कळत नाही.

तुमचा कागद वाचला कसा जातो ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. समितीतले बहुतेक लोक तुमच्या विभागाचे नसतात. कुणी उत्पादनातलं, कुणी विक्रीतलं, कुणी मनुष्यबळ विभागातलं. प्रत्येकापुढे नामांकनांचा गठ्ठा आणि एक गुणपत्रक असतं. त्यावर तीन-चार निकष: कामाचा परिणाम, पुढाकार, इतरांना झालेली मदत, असे काहीतरी. आधी प्रत्येक जण आपापले गुण देतो, मग बैठक होते. बैठकीत तुमचा कागद पुन्हा कुणी नीट वाचत नाही. एखादा सदस्य त्या नावाची बाजू घेतो आणि दोन वाक्यांत सांगतो, तेवढंच. ती दोन वाक्यं त्याला तुमच्या कागदातून उचलता आली पाहिजेत. आणि तुमच्या बाईंसारखं नाव निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, “चांगल्या आहेत, पण हे तर त्यांचं कामच आहे ना?” याचं उत्तर कागदात असलं तर बाजू घेणारा ते वाचून दाखवतो. नसलं तर दोन सेकंद शांतता आणि पुढचं नाव. अशी किती तरी योग्य माणसं माझ्या डोळ्यांसमोर गळली आहेत.

तुमचा मसुदा मी पाहिलेला नाही, पण साधारण असा असावा:

“त्या अत्यंत मेहनती व कर्तव्यदक्ष असून दिलेलं प्रत्येक काम वेळेत पूर्ण करतात. त्यांचा स्वभाव मनमिळाऊ असल्याने सर्व विभागांशी त्यांचे उत्तम संबंध आहेत. कठीण प्रसंगीही त्या डगमगत नाहीत. त्या आमच्या विभागाचा कणा आहेत.”

यातल्या कुठल्याही वाक्यात शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं नाव घाला. वाक्य तसंच खरं राहतं. म्हणजे या चार वाक्यांनी तुमच्या बाईंबद्दल काहीच सांगितलेलं नाही. त्यातही “मेहनती” आणि “कर्तव्यदक्ष” जरा जपून. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन प्सेन्का या दोन संशोधिकांनी एका मोठ्या अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयातली तीनशेहून जास्त शिफारसपत्रं तपासून 2003 मध्ये निष्कर्ष छापले. सगळी पत्रं निवड झालेल्या उमेदवारांची होती. तरीही स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीने तोकडी होती, आणि राबणारी, कष्टाळू अशा छापाची विशेषणं त्यांत जास्त होती. लिहिणाऱ्यांची नियत वाईट होती असं नाही, कौतुकच करत होते बिचारे. पण कष्टांचं कौतुक वाचणाऱ्याला असंही वाटू शकतं की या व्यक्तीकडे सांगण्यासारखं कष्टांशिवाय दुसरं काही नसावं. तुमच्या बाईंनी डोकं कुठे चालवलं ते लिहा. कष्ट त्यातून आपोआप दिसतात.

आता साहित्य गोळा करायचं. लिहायला बसण्याआधी निदान एक दुपार यासाठी ठेवा. नामांकनाची खरी मेहनत इथे आहे, लिहिणं त्यामानाने सोपं.

कुठलाही परिणाम मांडताना मी तीन प्रश्न विचारतो: आत्ता पातळी काय आहे, ती काळाबरोबर कशी बदलली, आणि तुलना कशाशी. हे माझ्या मनाचं नाही. अमेरिकेत 1987 च्या कायद्याने सुरू झालेल्या माल्कम बाल्ड्रिज गुणवत्ता पुरस्कारात संस्थांचे निकाल तपासताना याच गोष्टी पाहतात. तो पुरस्कार संस्थांसाठी आहे, पण एका माणसाच्या कामालाही हे प्रश्न चपखल बसतात. “बिलं वेळेत निघतात” ही नुसती पातळी झाली. “पूर्वी इतकी अडकायची, आता इतकी अडकतात” म्हटलं की बदल दिसतो. “बिलांची एकूण संख्या तेवढीच असताना” हे जोडलं की तुलना होते, आणि मग वाचणारा मान डोलावतो.

न घडलेल्या गोष्टी मोजायच्या कशा, हा तुमचा खरा प्रश्न. चार जागा शोधा. पहिली, त्या हे काम बघू लागण्याआधीचा काळ. दुसरी, हेच काम करणारी दुसरी शाखा किंवा टीम, असली तर. तिसरी, वेळेत पकडलेल्या चुका: त्यांची नोंद बहुतेक वेळा कुठल्या तरी एक्सेल शीटमध्ये किंवा मेलच्या ढिगात पडलेली असते, त्यांनाच विचारा. चौथी, त्यांची रजा.

रजेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे बहुतेक जण उलट्या दिशेने जातात. “त्या तीन आठवडे सुट्टीवर होत्या तेव्हा सगळं कोलमडलं” हे वाक्य कौतुक म्हणून लिहिलं जातं, आणि समितीतल्या जाणत्या माणसाला ते विभागातला दोष म्हणून दिसतं. एका माणसावाचून काम अडत असेल तर त्याने ते कुणाला शिकवलं नाही, असाच त्याचा अर्थ लागतो. त्या नसताना आकडे तसेच राहिले असतील तर ते लिहा. माणूस जागेवर नसताना पद्धत टिकली, यासारखा पुरावा नाही. आणि खरोखरच कोलमडलं असेल, तर रजेचा विषयच काढू नका. बाकीच्या तीन जागा पुरतात.

आकड्यांनंतर माणसं. तिघांशी दहा-दहा मिनिटं बोला: त्यांचे मॅनेजर, त्यांच्या कामाचा फायदा ज्याला होतो असा दुसऱ्या विभागातला कुणीतरी, आणि सुरुवातीला त्यांच्याशी ज्याचं पटलं नव्हतं असा एक. “त्या कशा आहेत?” असं विचारू नका. “छान आहेत” असंच उत्तर येईल. “त्यांच्यामुळे तुम्हाला आता काय करावं लागत नाही?” असं विचारा. या प्रश्नाला माणूस क्षणभर थांबतो आणि मग एकदम ठोस काहीतरी सांगतो. रोजचा फोन बंद झाला, महिनाअखेरचं जागरण गेलं, अमुक रजिस्टर लिहायचं थांबलं. तेच तुम्हाला हवं आहे, आणि त्याच माणसाच्या शब्दांत.

तिसरा, न पटलेला माणूस सगळ्यात मोलाचा. विरोध कशाला होता आणि तो कशाने मावळला, हे कळलं की पुढाकार या निकषाखाली लिहायला खरी गोष्ट मिळते. मात्र त्या माणसाला खलनायक करू नका. त्याचा आक्षेप रास्त होता असंच लिहा. बहुतेक वेळा तो असतोही, आणि शिवाय त्याच्या विभागाचा माणूस समितीत बसलेला असू शकतो.

आता तुमच्या कामाच्या जवळचं एक उदाहरण रचून दाखवतो. आकडे माझे, उदाहरणापुरते आहेत. तुम्ही तुमचे घाला. नावाच्या जागी “त्या” ठेवतो.

समजा चौकशीत हे हाती आलं. बिल मंजूर होण्याआधी ते पर्चेस ऑर्डरशी आणि माल मिळाल्याच्या स्टोअर्सच्या नोंदीशी जुळावं लागतं. तिन्ही जुळले नाहीत की बिल होल्डवर जातं. महिन्याला साधारण 900 बिलं येतात, त्यातली सरासरी 120 होल्डवर जायची. बाईंनी सहा महिन्यांची अडकलेली बिलं काढून प्रत्येकाचं कारण लिहिलं. दहापैकी सात बिलांचं कारण एकच निघालं: ऑर्डर नगांमध्ये निघत होती आणि स्टोअर्स खोक्यांमध्ये नोंद करत होतं. 12 नगांचं एक खोकं. 240 नगांची ऑर्डर आली की स्टोअर्स 20 लिहायचं, आणि सिस्टिमला 220 नग कमी आलेले दिसायचे. बाईंनी ऑर्डरवर “एका खोक्यात किती नग” असा रकाना सुचवला. पर्चेस विभाग म्हणाला, आमचा वेळ जाईल. मग त्यांनी सगळ्यात जास्त अडकणारे दहा व्हेंडर निवडून महिनाभर तेवढ्यांपुरतं करून दाखवलं. मार्चमध्ये रकाना सगळ्या ऑर्डरना लागला. आता होल्डवर महिन्याला सरासरी 40 बिलं जातात.

दुसरी गोष्ट दुहेरी बिलांची. एकच बिल दोनदा नोंदलं जाऊ नये म्हणून सिस्टिम बिल क्रमांक पडताळते, पण अक्षरागणिक. त्यामुळे `INV-0457` आणि `INV0457` तिच्या लेखी दोन वेगळी बिलं. एक प्रत मेलवर आली, दुसरी कुरिअरने आली, दोघांनी वेगवेगळ्या पद्धतीने टाइप केली की पैसे दोनदा जायची वाट मोकळी. बाईंनी एक शीट बनवली. ती क्रमांकातले डॅश, मोकळ्या जागा आणि आकड्यांपुढची शून्यं काढून तुलना करते. काही व्हेंडर दरवर्षी क्रमांक पहिल्यापासून सुरू करतात, तिथे खोटा इशारा येऊ नये म्हणून तारीख आणि रक्कमही पाहते. वर्षभरात पैसे जाण्याआधी 11 बिलं पकडली गेली.

लिहिण्याआधी इथे एक अडचण सोडवावी लागते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवं सॉफ्टवेअरही आलं. समितीत आयटीचा माणूस असला तर तो विचारणारच की 120 चे 40 झाले ते बाईंमुळे की सॉफ्टवेअरमुळे. अशा वेळी सॉफ्टवेअरचा उल्लेख टाळायचा मोह होतो. टाळू नका. महिन्यावार आकडे काढा. ऑगस्टअखेर, म्हणजे सॉफ्टवेअर येण्याआधीच, संख्या 50 च्या आत आली असेल तर एका वाक्यात प्रश्न मिटतो, आणि तो तुम्हीच आधी काढल्यामुळे बाकीच्या कागदावरही विश्वास बसतो. उलट आकडे सप्टेंबरनंतरच उतरले असतील, तर त्या सुधारणेचं श्रेय त्यांच्या एकट्याच्या नावावर मांडू नका. दुहेरी बिलांची गोष्ट पुढे आणा, ती निर्विवाद त्यांची आहे.

हे सगळं साहित्य घेऊन निवेदन असं होईल:

“व्हेंडरचं बिल पर्चेस ऑर्डरशी आणि स्टोअर्सच्या नोंदीशी जुळलं नाही तर ते होल्डवर जातं, आणि तीन विभागांचा वेळ ते सोडवण्यात जातो. गेल्या वर्षाच्या सुरुवातीला महिन्याच्या सुमारे 900 बिलांपैकी सरासरी 120 अशी अडकत होती. गेल्या तिमाहीत ही सरासरी 40 आहे. एकूण बिलं तेवढीच आहेत. हा बदल त्यांनी शोधलेल्या एका कारणामुळे आणि ते दूर करण्यासाठी त्यांनी सुचवलेल्या एका रकान्यामुळे झाला.

अडकलेलं बिल सोडवणं हे त्यांना नेमून दिलेलं काम आहे. बिलं मुळात का अडकतात, हे शोधणं नव्हतं. आपलं रोजचं काम सांभाळून त्यांनी सहा महिन्यांची सगळी अडकलेली बिलं कारणांनुसार लावली. दहापैकी सात बिलांत ऑर्डर नगांत आणि माल मिळाल्याची नोंद खोक्यांत होती: 240 नगांच्या जागी 20 खोकी लिहिली जात आणि सिस्टिमला 220 नगांची तूट दिसे.

ऑर्डरवर ‘एका खोक्यात किती नग’ हा रकाना घालण्यास पर्चेस विभागाची हरकत होती, कारण ऑर्डर बनवण्याचा वेळ वाढणार होता. त्यांनी दहा व्हेंडरपुरता एक महिना प्रयोग करून वाचलेल्या वेळाचा हिशेब पर्चेससमोर ठेवला. मार्चमध्ये पर्चेसनेच हा रकाना सर्व ऑर्डरना लागू केला. ऑगस्टअखेर अडकलेली बिलं 50 च्या आत आली होती. नवं सॉफ्टवेअर त्यानंतर, सप्टेंबरमध्ये आलं.

याच वर्षी त्यांनी दुहेरी बिलं पकडणारी एक शीट तयार केली. सिस्टिमला `INV-0457` आणि `INV0457` ही दोन वेगळी बिलं वाटतात; ही शीट क्रमांकातले डॅश आणि आकड्यांपुढची शून्यं वगळून, तारीख व रक्कम जोडीला घेऊन तुलना करते. पैसे जाण्याआधी 11 बिलं पकडली गेली. एकूण रक्कम व यादी मॅनेजरकडे आहे.

दोन्ही पद्धती त्यांनी एका पानावर लिहून टीममधल्या दोघांना शिकवल्या. त्या तीन आठवडे रजेवर असताना अडकलेल्या बिलांचं प्रमाण बदललं नाही. स्टोअर्सचे पर्यवेक्षक सांगतात: ‘आधी दुपारचा तासभर अकाउंट्सच्या फोनवर जायचा. आता त्यांचा फोन आला की समजायचं, खरंच काहीतरी चुकलंय.’”

यात एकही विशेषण बाईंच्या स्वभावाला लावलेलं नाही. तरी वाचल्यावर माणूस कसा आहे ते कळतं: शोधक, चिवट, दुसऱ्या विभागाला दुखावणार नाही असा. “मनमिळाऊ” लिहिलं असतं तर यातलं काहीच कळलं नसतं.

दुसऱ्या परिच्छेदाची पहिली दोन वाक्यं पुन्हा बघा. “हे तर त्यांचं कामच आहे” या शंकेचं उत्तर तिथे आहे. शंकेचा उल्लेख न करता, नेमून दिलेलं काम कुठे संपतं आणि त्यांचं स्वतःचं कुठे सुरू होतं, एवढी रेघ ओढली आहे. ती ओढण्यासाठी त्यांच्या पदाच्या जबाबदाऱ्यांचा कागद मॅनेजरकडून खरोखर मागून घ्या. कारणं शोधणं त्या कागदावर आधीच लिहिलेलं असेल आणि तुम्ही “नव्हतं” म्हणालात, तर मनुष्यबळ विभागातला सदस्य ते बैठकीतच काढेल. तसं असेल तर रेघ दुसरीकडे ओढावी लागते. अपेक्षा त्यांच्या विभागापुरती होती आणि त्यांनी ते तीन विभागांत करून घेतलं, अशी.

पहिला परिच्छेद कोरडा वाटेल, पण तो तसाच असू द्या. दुसऱ्या विभागाच्या माणसाला बिल होल्डवर जाणं म्हणजे काय, हे माहीत नसतं. ते एका वाक्यात सांगून लगेच आकडा द्यायचा. पार्श्वभूमी लांबली की परिणाम पानाच्या तळाशी जातो, आणि गठ्ठ्यातला विसावा कागद वाचणारा माणूस तिथवर पोचेलच याची खात्री नाही.

श्रेयाची भाषा काटेकोर ठेवा. वर मी “त्यांनी सुचवलेल्या रकान्यामुळे” आणि “पर्चेसनेच लागू केला” असं लिहिलं आहे, कारण घडलं तसं. “त्यांच्या नेतृत्वाखाली तीन विभागांनी” असं लिहिलं असतं तर भारदस्त वाटलं असतं, पण पर्चेसच्या माणसाने समितीत भुवई उंचावली असती. क्रियापदं छोटी आणि खरी असू द्यात: शोधलं, लावलं, दाखवलं, शिकवलं. “योगदान दिलं”, “मोलाची भूमिका बजावली” या क्रियापदांमागे नेमकं काय केलं ते लपतं, आणि समितीला वाटतं की लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक नाही.

टक्केवारीचं एक सांगतो. 120 चे 40 झाले तर “67 टक्के घट” असं लिहायचा मोह होतो. मूळ आकडे असताना मी टक्के देत नाही. टक्के वाचले की सावध वाचक लगेच विचारतो, कशाचे? आणि आकडे लहान असले की टक्के फसवतात. तक्रारी दोनाच्या एक झाल्या तर 50 टक्के घट, पण तो निव्वळ योगायोगही असू शकतो. आधी किती, नंतर किती, कुठल्या काळात, आणि आकडा कुठून घेतला, हे चार तुकडे पुरे. 11 बिलं पकडली हा आकडाही तसा लहानच आहे, पण तिथे प्रत्येक बिल म्हणजे वाचलेले खरे पैसे, म्हणून तो चालतो. रक्कम तुमच्या फॉर्ममध्ये लिहायला परवानगी असेल तर लिहा. नसेल तर मी केलं तसं, मॅनेजरकडे आहे असं म्हणा. व्हेंडरची नावं मात्र कधीही नकोत.

काही गोष्टी झटपट. पुरस्काराचा काळ पाहा: फॉर्मवर “गेलं आर्थिक वर्ष” असेल तर त्याआधीचं काम कितीही चांगलं असो, ते फक्त तुलनेपुरतं घ्या. निकषांचे शब्द फॉर्मवरून उचला आणि कुठला परिच्छेद कुठल्या निकषाचा आहे ते सदस्याला शोधावं लागू नये असं पाहा. फॉर्ममध्ये वेगळे रकाने असतील तर वरचा मजकूर त्यांत विभागून टाका, तीच गोष्ट तीन रकान्यांत पुन्हा सांगू नका. घरच्या अडचणी, आजारपण, एकटीने मुलं वाढवणं, हे चांगल्या हेतूनेही लिहू नका. ते सांगायचा हक्क त्यांचा आहे, आणि काही समित्या असा मजकूर आल्यास तो बाजूला ठेवूनच गुण देतात. त्यांना आधी पुरस्कार मिळाला असेल तर त्याची आठवण करून देण्यातही मला फायदा दिसलेला नाही. “मिळालाय की आधी” असं म्हणायला तेवढंच निमित्त होतं.

शब्दमर्यादा पाळताना लोक उलटं कापतात: तपशील उडवतात आणि सारांशाची वाक्यं ठेवतात. तुम्हाला पन्नास शब्द कमी करायचे असतील तर “त्यांनी दिलेलं योगदान अतुलनीय आहे” या जातीचं जे काही असेल ते आधी जाऊ द्या. मग कमी ताकदीची गोष्ट जाऊ द्या. 240 नग आणि 20 खोकी मात्र राहू द्या. बैठकीत कुणाला काही आठवणार असेल तर तेच. मी अशा बैठकांत ऐकलंय, नाव विसरलेला सदस्य म्हणतो, “ते खोक्यांचं कुणी केलं होतं?” आणि चर्चा पुन्हा त्या नामांकनाकडे वळते.

बाईंना मसुदा दाखवायचा का? फॉर्ममध्ये गुप्तता पाळायला सांगितली असेल तर नाही. मग आकडे मॅनेजरकडून आणि स्टोअर्सकडून पडताळा. गुप्तता नसेल तर जरूर दाखवा, पण “कसं वाटलं?” असं विचारू नका, “यात चुकीचं काय आहे?” असं विचारा. अशी माणसं दोन ठिकाणी हमखास दुरुस्ती सुचवतात: एका ठिकाणी श्रेय दुसऱ्या कुणाला देतात, दुसऱ्या ठिकाणी तुम्हाला माहीतच नसलेली एखादी गोष्ट सांगतात. पहिली दुरुस्ती खरी असेल तर त्या दुसऱ्याचं नाव कागदात घाला, त्याने बाईंचं काही कमी होत नाही. दुसरी बऱ्याचदा तुमच्याकडे असलेल्या कुठल्याही मुद्द्यापेक्षा भारी निघते.

फॉर्म भरल्यावर मॅनेजरना एक छोटा मेल टाका: निवेदनातले आकडे, ते कुठल्या रिपोर्टमधून घेतले आणि दुहेरी बिलांची यादी कुठे आहे. अंतिम यादीतल्या नावांची खातरजमा करायला समितीचा फोन त्यांनाच जातो, आणि त्या वेळी “हो, बहुतेक तेवढेच असतील” असं उत्तर गेलं तर केलेल्या कामावर पाणी पडतं.